लिंक्डइनवरून कंपन्यांची कामं: गोव्यातल्या एनर्जी कन्सल्टंटने काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, बेतोडा इथल्या कारखान्यांना वीजबचतीचा सल्ला देणाऱ्या माणसासाठी लिंक्डइन कितपत उपयोगी आहे, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. नोकरी शोधणाऱ्याचं गणित वेगळं असतं. इथे गिऱ्हाईक म्हणजे दोन माणसं: प्लांटमधला युटिलिटी किंवा इंजिनिअरिंग हेड आणि बहुतेक वेळा मुंबईत बसलेला, खर्चाला मंजुरी देणारा अधिकारी. पहिला तुमचं नाव पुढे करतो, दुसरा ते प्रोफाइल उघडून तपासतो. प्रोफाइल आणि पोस्टिंग या दोघांसाठी बांधलं तरच उपयोग होतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरुवात हेडलाइनपासून. तिथे 220 अक्षरं मिळतात, पण तुम्ही कुठे कमेंट केली किंवा कुणाला इन्व्हिटेशन पाठवलं, की मोबाइलवर समोरच्याला त्यातले पहिले काही शब्दच दिसतात. त्यामुळे ‘फाउंडर’, ‘कन्सल्टंट’, ‘वीस वर्षांचा अनुभव’ यांनी सुरुवात केली तर कामाचा शब्द कापला जातो. असं लिहिलेलं चालतं:

```
Energy audits for pharma & food plants | Compressed air, chillers, boilers | Goa, Mumbai, Pune
```

लोकेशन गोवाच ठेवावं. मुंबई टाकण्याचा मोह होतो, पण वेर्ण्याच्या प्लांटला तुमचा मोठा फायदा हाच असतो की मीटर घेऊन तुम्ही तासाभरात गेटवर पोचू शकता. इतर शहरं हेडलाइनमध्ये येतातच. बीईईचं एनर्जी ऑडिटरचं प्रमाणपत्र असेल तर ते ‘लायसन्सेस अँड सर्टिफिकेशन्स’मध्ये नोंदणी क्रमांकासकट टाका. मंजुरी देणारा माणूस नेमकं तेच शोधतो.

‘अबाउट’मध्ये 2,600 अक्षरांची जागा असते. ती सगळी भरायची गरज नाही. न उघडता दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळींत तुम्ही काय मोजता, किती दिवस प्लांटमध्ये लागतात आणि शेवटी हातात काय देता, हे आलं पाहिजे. ‘फीचर्ड’मध्ये एकच गोष्ट ठेवा: नमुना ऑडिट रिपोर्टची चार-पाच पानांची पीडीएफ, कंपनीचं नाव आणि ओळख पटेल असे आकडे काढून. खरेदी विभाग तुमची तुलना दुसऱ्या कोटेशनशी करतो तेव्हा ही पीडीएफ सर्वांत जास्त कामाला येते.

आता पोस्ट. आठवड्याला दोन पुरतात. रोज लिहायला घेतलं की तिसऱ्या आठवड्यात सुविचार सुरू होतात आणि प्लांटमधली माणसं वाचणं सोडतात. चालणाऱ्या पोस्टमध्ये एक बिघाड, एक मोजमाप आणि एक हिशेब असतो. उदाहरणार्थ कॉम्प्रेस्ड एअरची गळती. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण 24 सीएफएम हवा वाया जाते आणि ती तयार करायला कॉम्प्रेसर सुमारे चार किलोवॅट खातो. प्लांट चोवीस तास, वर्षाचे 330 दिवस चालत असेल तर हे 31,000 हून अधिक युनिट झाले. युनिटला सहा रुपये धरले तरी वर्षाला जवळपास एक लाख नव्वद हजार. हा हिशेब पहिल्याच वाक्यात द्या, कारण ‘सी मोअर’च्या आधी जेमतेम तीन ओळी दिसतात. मग भोक कसं सापडतं ते लिहा: उत्पादन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर जातो ते घड्याळ लावून पाहायचं. सगळे व्हॉल्व्ह बंद असूनही तो मिनिटामिनिटाला लोड घेत असेल तर गळती आहे. शेवटी एक खरा प्रश्न विचारा, ‘तुमच्याकडे रविवारी कॉम्प्रेसर बंद करता का?’ असा. याला युटिलिटी हेड उत्तर देतो. ‘तुमचं मत काय?’ याला कुणीच देत नाही.

हाच मजकूर पाच-सहा पानांची पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून टाकला तर लोक तो जपून ठेवतात आणि सहकाऱ्याला पाठवतात. प्रत्येक पानावर एकच आकडा, मोठ्या अक्षरात. फोटो टाकताना मात्र जपून: फार्मा प्लांटमध्ये मोबाइल आत नेण्यावरच बंधन असतं आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. पॅनलवरची नेमप्लेट, मागचा टँक नंबर, युनिफॉर्मवरचा लोगो यांतलं काहीही दिसलं तरी कंपनी ओळखली जाते. लेखी परवानगी नसेल तर हाताने काढलेली आकृती वापरावी.

वेळेचं म्हणाल तर सकाळी आठच्या आत. मडगाव, फोंडा, वास्कोहून कंपनीच्या बसने जाणारे लोक तेव्हा फोनवर असतात. नंतर प्रॉडक्शन मीटिंग सुरू झाली की दुपारपर्यंत कुणी पाहत नाही. चवथीच्या आठवड्यात मेहनतीची पोस्ट टाकू नका.

खरी फसगत लाइकमध्ये आहे. पोस्टला भरपूर लाइक येतात आणि ते निघतात इतर कन्सल्टंटचे, मीटर विकणाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे. म्हणून पोस्टखालचं अ‍ॅनालिटिक्स उघडून पाहणाऱ्यांचे हुद्दे, कंपन्या आणि ठिकाणं बघा. ‘प्लांट हेड’, ‘इंजिनिअरिंग मॅनेजर’ वरच्या ओळींत नसतील तर विषय किंवा भाषा चुकीच्या माणसांना ओढते आहे. दोन-तीन पोस्टनंतरही तसंच राहिलं तर दोष बहुधा तुमच्या कनेक्शनच्या यादीत असतो. पोस्ट आधी त्यांनाच दिसते आणि त्यांत फक्त व्यवसायबंधूच भरले असतील तर ती तिथेच फिरत राहते.

ही यादी दुरुस्त करायला मोफत खातं पुरतं. शोधात `"engineering head" AND pharma` असं लिहून लोकेशन गोवा लावा. रोज चार-पाचच इन्व्हिटेशन पाठवा. सोबतची वैयक्तिक टीप मोफत खात्यावर महिन्याला मोजक्याच वेळा लिहिता येते, ती मंजुरी देणाऱ्यांसाठी राखून ठेवा. बाकीच्यांच्या बाबतीत आधी त्यांच्या पोस्टवर आकडा असलेली, दोन ओळींची कमेंट करा आणि दुसऱ्या दिवशी इन्व्हिटेशन. न स्वीकारलेली महिन्याभराने काढून टाका, पण लक्षात ठेवा: काढल्यावर त्याच माणसाला सुमारे तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही.

प्रीमियम घ्यावं का? गोव्यात तुमच्या कामाच्या कंपन्या मोजता येतील इतक्याच आहेत, त्यामुळे इनमेलसाठी पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. प्रोफाइल कुणी पाहिलं याची पूर्ण यादी मात्र प्रीमियमशिवाय दिसत नाही. ती हवी असेल तर एप्रिल-मार्च वर्ष धरणाऱ्या कंपन्यांचं बजेट ठरत असतं त्या जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभर घ्या. एखाद्या कंपनीतल्या दोन वेगवेगळ्या विभागांच्या माणसांनी एकाच आठवड्यात प्रोफाइल उघडलं, तर आत चर्चा चालू आहे असं समजून प्लांटमधल्या ओळखीच्या माणसाला त्याच दिवशी फोन करा.