एसडीआरचा रिझ्युमे आकड्यांत मांडला, सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं एसडीआरचं काम घरनंच करायचो, म्हणजे कॉल-मेल करून नवीन गिऱ्हाईक गाठायचं आणि सेल्सवाल्याला डेमोची मीटिंग लावून द्यायची. जुन्या रिझ्युमेत सगळ्यात वर ठळक लिहिलेलं, "रोज ६० कोल्ड कॉल". पहिल्याच इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, त्यातले उचलले किती आणि मीटिंग किती झाल्या? मला सांगताच येईना, लई वाईट वाटलं.

मग सीआरएम म्हणजे कॉल-मीटिंगच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधनं एका तिमाहीचा रिपोर्ट काढला. साधारण ३,८०० कॉल, त्यात खरं बोलणं झालं १९० जणांशी. मेलवरच्या धरून मीटिंग लागल्या ३६, टार्गेट ३० चं होतं. पण प्रत्यक्ष झाल्या २७, आणि त्यातल्या १२ सेल्सवाल्यानं पाईपलाईनमध्ये, म्हणजे सौदा होण्यासारख्या म्हणून पुढं घेतल्या. हे सगळं मी एकाच ओळीत ह्याच क्रमानं लिहिलं, आणि लागलेल्या नि झालेल्या मीटिंग मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. बरेच जण फक्त ३६ लिहितात, पण समोरचा मॅनेजर जाणकार असला की तो झालेल्याच विचारतो. माझ्या ९ जणांनी दांडी मारली ते रिझ्युमेत दिसतं, पण त्यामुळंच पुढचा प्रश्न येतो की मग काय केलंस, आणि मला सांगता येतं की दहा-बारा दिवस पुढची तारीख घेतलेले लोकच जास्त गळत होते, म्हणून नंतर चार दिवसांच्या आतलीच वेळ घ्यायला लागलो आणि आदल्या दिवशी फोन करायचो.

पाईपलाईनची रुपयांतली रक्कम आधी टाकलेली, नंतर काढली, कारण डीलचा आकडा सेल्सवाला टाकतो, मला तो कसा आला ते समजावता आलं नसतं.

टूल्सची नुसती यादी पण काढली. आता "सेल्स नॅव्हिगेटरवर ५० ते २०० माणसांच्या कारखान्यांचे परचेस मॅनेजर शोधले, सेल्सफोर्समध्ये प्रत्येक कॉलची नोंद केली" असं लिहिलंय. गिऱ्हाईक कंपन्यांची नावं नाही टाकत, धंदा आणि आकार पुरे.

एक चूक मात्र महागात पडली. सुरुवातीला दोन रकान्यांचं देखणं टेम्प्लेट घेतलेलं, दोन महिने कुठनंच फोन नाही. एकदा पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं तर डावी-उजवी बाजू एकमेकांत मिसळलेली, मीटिंगचे आकडे टूल्सच्या नावात घुसलेले. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला पण तसंच दिसत असणार. एका रकान्याचं साधं पान केलं, पुढच्या पाच आठवड्यांत चार इंटरव्ह्यू आले, तिसऱ्यात नोकरी लागली.

आता दर शुक्रवारी माझे हे आकडे वहीत उतरवतो, फक्त बेरजा, गिऱ्हाईकांची यादी नाही. जुनी नोकरी सोडली त्याच दिवशी दुपारी लॉगिन बंद झालेलं, आणि शेवटच्या महिन्याचा हिशोब तिथंच राहिला.