स्ट्रिक्ट नॅट उघडायचं कसं: यूपीएनपी की पोर्ट फॉरवर्डिंग?

एक्सबॉक्सच्या पार्टीत, म्हणजे खेळताना गप्पा मारायच्या गटात, सगळ्यांचा आवाज यायचा, फक्त एका मित्राचा नाही. माझ्या एक्सबॉक्सवर नॅट, म्हणजे बाहेरून येणारी पॅकेट घरातल्या कुठल्या उपकरणाकडे जातील हे ठरवणारी राउटरची व्यवस्था, ‘स्ट्रिक्ट’ होतं आणि त्याच्याकडेही तेच. दोन्ही राउटर अनोळखी पॅकेट दारातच अडवत होते, त्यामुळे थेट जोडणी होतच नव्हती. अशा वेळी एकाचं नॅट ‘ओपन’ झालं तरी सहसा काम भागतं, म्हणून मी माझ्या बाजूनं सुरुवात केली.

आधी यूपीएनपी चालू केलं. कन्सोल स्वतःच राउटरला सांगतो, ‘यूडीपी पोर्ट 3074 वर येणारं सगळं माझ्याकडे वळव’, आणि मिनिटाभरात ओपन. काही दिवस छान गेले. मग एका संध्याकाळी कन्सोल स्लीपमधून उठला आणि पुन्हा स्ट्रिक्ट. राउटर रीस्टार्ट केला की ठीक व्हायचं, चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी राउटरच्या पानावर यूपीएनपीचा तक्ता उघडून पाहिला, तेव्हा कळलं. 3074 ची नोंद `192.168.1.14` च्या नावावर होती आणि कन्सोलला मात्र आता `192.168.1.23` हा पत्ता मिळाला होता. जुनी नोंद राउटरनं पुसलीच नव्हती, म्हणून नवी मागणी नाकारली जात होती. सगळेच राउटर असं करत नसतील. माझा करायचा, आणि नेमका सामना सुरू व्हायच्या वेळी.

पोर्ट फॉरवर्डिंगला, म्हणजे तोच नियम राउटरमध्ये हातानं लिहायला, पंधरा-वीस मिनिटं लागली. आधी डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये कन्सोलचा मॅक ॲड्रेस टाकून `192.168.1.50` हा पत्ता कायमचा केला. ही पायरी गाळली तर पत्ता बदलला की नियम रिकाम्या घराकडे बोट दाखवत राहतो. मग यूडीपी 3074 त्या पत्त्याकडे वळवलं, यूपीएनपी बंद केलं आणि राउटर व कन्सोल दोन्ही रीस्टार्ट केले. तेव्हापासून नॅटकडे पाहावं लागलेलं नाही. यूपीएनपी घरातल्या कुठल्याही उपकरणाला न विचारता पोर्ट उघडू देतं, तेही बंद झालं, हे मला बरं वाटतं.

घरात दोन कन्सोल असतील तर मात्र यूपीएनपी सोपं पडेल, कारण एक पोर्ट एकाच पत्त्याकडे जातो. फॉरवर्डिंगच करायचं असेल तर दुसऱ्या एक्सबॉक्सला नेटवर्कच्या प्रगत सेटिंग्जमधून वेगळा पोर्ट द्या आणि त्याचाही नियम लिहा.

यातलं काहीही करण्याआधी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता, बघा. तो `100.64` ते `100.127` मध्ये असेल, तर तुमच्या सेवादात्याकडेच आणखी एक नॅट बसलेलं आहे आणि दोन्ही उपाय तिथवर पोहोचत नाहीत. सार्वजनिक आयपी मागावा लागेल. `192.168` ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत, सेवादात्याच्या बाजूचा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः नॅट करणार नाही.

पिंग यानं कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. माझा होता तेवढाच राहिला, पण मित्राचा आवाज यायला लागला.