१०० ग्रॅम, एक सर्व्हिंग की अख्खं पाकीट? साखर-मिठाच्या शालेय प्रकल्पासाठी कोणता आकडा घ्यावा

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना खाण्यापिण्यातल्या साखरेची माहिती देणारे फलक, म्हणजे ‘शुगर बोर्ड’, लावायला सांगितलं. तेव्हापासून सहावी ते आठवीच्या वर्गांत रिकामी पाकिटं आणि बाटल्या गोळा करायचा प्रकल्प बराच दिसतो. राज्य मंडळाच्या शाळाही तो हौसेने करतात. पाकिटं जमवणं सोपं असतं. गाडी अडते ती तक्त्यापाशी. एकाच वेष्टनावर साखरेचे दोन-तीन आकडे असतात, आणि त्यातला कोणता फलकावर लिहायचा यावर वर्गात वाद होतो. हा वाद रास्त आहे, कारण आकडा बदलला की पहिला-दुसरा नंबरही बदलतो.

वाटा तीन आहेत. १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमागचा आकडा, कंपनीने ठरवलेल्या एका सर्व्हिंगचा आकडा, आणि आपण गुणाकार करून काढलेला अख्ख्या पाकिटाचा आकडा. आधी तीन पेयं घेऊ. हे आकडे कुण्या एका कंपनीचे नाहीत. अशा मालावर साधारण जे छापलेलं असतं त्याच्या आसपासचे आहेत. तुमच्या वर्गाने आपल्या हातातल्या वेष्टनावरचेच घ्यावेत.

| पेय | १०० मिलीत साखर | एका सर्व्हिंगमध्ये | पूर्ण पॅकमध्ये |
|---|---|---|---|
| कोला, ६०० मिली | १०.६ ग्रॅम | २१.२ ग्रॅम (२०० मिली) | ६३.६ ग्रॅम |
| आंब्याचं पेय, १६० मिली | १३ ग्रॅम | २०.८ ग्रॅम (१६० मिली) | २०.८ ग्रॅम |
| फ्लेवर्ड दूध, १८० मिली | ११ ग्रॅम | १९.८ ग्रॅम (१८० मिली) | १९.८ ग्रॅम |

पहिल्या स्तंभात आंब्याचं पेय सगळ्यांत गोड ठरतं आणि कोला चक्क दुधाच्याही खाली जातो. मधल्या स्तंभात तिघंही जवळपास सारखीच. शेवटच्या स्तंभात कोला इतरांच्या तिप्पट. तिन्ही स्तंभ खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

१०० मिलीचा आकडा म्हणजे पेय किती दाट गोड आहे याचं माप. दुकानात एकाच प्रकारच्या दोन वस्तू समोर असतील, म्हणजे दोन कंपन्यांची बिस्किटं किंवा आंब्याची दोन पेयं, तर यापेक्षा चांगलं माप नाही. पाकिटाचा आकार, ‘२० टक्के जादा’, दहा रुपयांच्या पाकिटाचं गुपचूप घटलेलं वजन, कशानेही हा आकडा हलत नाही. आठवीच्या मुलांना शेकडेवारी आणि गुणोत्तर येत असतं, त्यांना हे पटकन उमगतं. पण पोटात किती गेलं, हे तो सांगत नाही.

ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांच्या पद्धतीतही हा प्रश्न आला होता. तिथे पेयाच्या १०० मिलीत ११.२५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर लाल खूण. म्हणजे आपला १०.६चा कोला पिवळ्यावर सुटला असता. म्हणून तिथे जोडनियम आहे: एका वेळचं पेय १५० मिलीपेक्षा जास्त असेल आणि त्यात १३.५ ग्रॅमहून जास्त साखर असेल, तरीही लालच. चिलीमध्ये काळा अष्टकोन छापतात. तिथली मर्यादा इतकी कडक आहे, १०० मिलीला ५ ग्रॅम, की तिन्ही पेयांवर तो आला असता. आपल्याकडे वेष्टनाच्या दर्शनी बाजूला अशी सक्तीची खूण अजून नाही. मुलांना रंग भरायचेच असतील तर ब्रिटनचे आकडे वापरा, पण जोडनियमासकट.

आता सर्व्हिंग. देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण असलेल्या एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार, एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो हे छापावं लागतं. टक्के काढताना दिवसाचा हिशेब ठरलेला आहे: २,००० किलोकॅलरी, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. हा हिशेब प्रौढ माणसाचा आहे, म्हणून मुलांसाठी तो निरुपयोगी असं काही जण म्हणतात. तितकं टोकाला जायचं कारण नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींची उष्मांकाची गरज २,००० च्या आसपासच धरली जाते. अडचण टक्क्यांत नाही, सर्व्हिंगमध्ये आहे. चिप्सच्या पाकिटावर सर्व्हिंग २० ग्रॅम लिहिलेलं असतं. २० ग्रॅम चिप्स वजनकाट्यावर ठेवून वर्गाला दाखवा. जेमतेम मूठभर निघतात. तेवढ्यावर थांबून उरलेलं पाकीट रबर लावून ठेवणारं सातवीतलं मूल मला तरी माहीत नाही.

तरी एका ठिकाणी सर्व्हिंगच बरोबर असतं: दुधात घालायची पावडर, केचप, जॅम. पावडरीच्या १०० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम साखर दिसली की मुलं हादरतात, पण १०० ग्रॅम पावडर एका वेळी कुणी खात नाही. २० ग्रॅम घातली तर ७ ग्रॅम साखर होते. मात्र घरी चमचा किती भरून घालतात हे आधी मोजलेलं बरं.

माझं मत विचाराल तर फलकावर मोठ्या अक्षरांत अख्ख्या पाकिटाचाच आकडा असावा, पण एका माणसासाठीच्या पाकिटापुरता. ६०० मिलीची बाटली तीन भावंडांनी वाटून घेतली असेल तर ६३.६ ग्रॅमचा आकडा खोटा धाक घालतो. त्यासाठी तक्त्यात ‘मी किती घेतलं’ असा एक स्तंभ वाढवा. मोठ्या पाकिटांचं तेच. २०० ग्रॅमच्या शेवेचा हिशेब अख्ख्या पाकिटाने करू नका. मुलांनी घरी नेहमीसारखी वाटी भरून घ्यावी, तिचं वजन करावं, आणि १०० ग्रॅमच्या आकड्यावरून त्या वाटीचा हिशेब काढावा.

मिठाचा हिशेब करून बघू. वेष्टनावर मीठ नसतं, सोडियम असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १,१०० मिलिग्रॅम सोडियम आहे असं धरा. ७० ग्रॅमला ७७० मिलिग्रॅम. त्याला २.५ ने गुणलं की १,९२५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १.९ ग्रॅम मीठ. दिवसाच्या ५ ग्रॅममधला हा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा वाटा आहे. छापलेला आकडा मसाल्याच्या पुडीसकट आहे ना, हे मात्र वेष्टनावर बघून घ्या, कारण त्यातलं बरंचसं मीठ पुडीतच असतं. चिप्सचं ४८ ग्रॅमचं पाकीट, १०० ग्रॅममागे ६५० मिलिग्रॅम सोडियम: पाकिटाला ३१२ मिलिग्रॅम, मीठ जवळपास ०.८ ग्रॅम. मुलांचा अंदाज बहुतेक वेळा उलटा असतो. चिप्सवर मीठ वरून भुरभुरलेलं असतं, ते जिभेला आधी लागतं, म्हणून चिप्स जास्त खारट वाटतात. नूडल्सचं मीठ पाण्यात विरघळून जातं. गोड बिस्किटात तर सोडियम खाण्याच्या सोड्यातूनही येतं आणि चवीला कळतही नाही. त्यामुळे २.५ ने गुणून आलेला आकडा हा ‘मिठाच्या हिशेबात’ आहे. ते सगळं पांढरं मीठच असतं असं नाही.

मुलांच्या तक्त्यातल्या चुका ओळखायला दोन कसोट्या पुरतात. एक, वरून घातलेली साखर एकूण साखरेपेक्षा जास्त असूच शकत नाही आणि एकूण साखर कर्बोदकांपेक्षा जास्त असू शकत नाही. तसं दिसलं तर ओळ चुकली आहे. दुसरी, १०० ग्रॅम खाऊत पाच-सहा ग्रॅमच्या वर मीठ निघालं तर आधी मिलिग्रॅम-ग्रॅमचा घोळ तपासा. सोडियमचा आकडा मिठाच्या रकान्यात तसाच उतरवणं ही नेहमीची चूक आहे.

प्रदर्शनात साखर चमच्यांनी मोजून दाखवायची पद्धत आहे. सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा, पण शीग लावून भरला की दीडपटीच्या पुढे जातो, आणि प्रत्येक घरचा चमचा निराळा. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून पारदर्शक पिशवीत भरा आणि पिशवी त्या बाटलीलाच अडकवा. मिठाला ही युक्ती तशीच लागू पडत नाही. १.९ ग्रॅम मीठ पिशवीच्या कोपऱ्यात दिसेनासं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? शेजारी ५ ग्रॅमची, म्हणजे दिवसाच्या मिठाची, पिशवी लावली की प्रमाण कळतं. साखरेचा आणि मिठाचा फलक वेगवेगळाच ठेवा. एकत्र केले तर साखर जवळपास नसलेले चिप्स आणि सोडियम नगण्य असलेला कोला, दोघंही मधल्या नंबरावर आरामात बसतात.

एकूण साखर घ्यायची की वरून घातलेली, हा निर्णयही आधीच करा. फ्लेवर्ड दुधाच्या १०० मिलीतल्या ११ ग्रॅमपैकी साडेचारच्या आसपास दुधाची स्वतःची साखर असते. ती कोलाच्या रांगेत मोजली तर दुधावर अन्याय होतो, म्हणून दुधाच्या पदार्थांना वरून घातलेल्या साखरेचा रकाना लावा. फळांच्या रसाला मात्र हाच रकाना उगाच सूट देतो. ‘साखर घातलेली नाही’ अशा रसावर तिथे शून्य असतं, पण जागतिक आरोग्य संघटना रसातली नैसर्गिक साखरही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरते. रसाला एकूण साखर घ्या आणि तसं फलकाखाली लिहून टाका.

तक्ता नसलेली पाकिटंही हाती येतील. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या पाकिटांना तो छापण्यातून सूट आहे. ती माहिती त्यांच्या मोठ्या पॅकवर असते, आणि दुकानदाराकडे मागितली तर रिकामा खोका मिळतो. बेकरीतली खारी किंवा सुटा चिवडा यांच्यासाठी दुसऱ्या कुठल्या पाकिटाचा आकडा उसना घेऊ नका. त्या रकान्यात ‘माहिती नाही’ असंच लिहा.