आधी सगळे नियम सांगायचे, की थेट खेळायला बसवायचं? ‘विंगस्पॅन’ शिकवण्याचे दोन मार्ग

गणपतीला गुहागरच्या घरी मुंबई-पुण्याची भावंडं जमतात, बाहेर पाऊस थांबत नाही, आणि संध्याकाळची आरती झाली की सगळ्यांना काहीतरी खेळायचं असतं. अशा वेळी कोणी ‘विंगस्पॅन’ या पक्ष्यांवरच्या बोर्ड गेमची पेटी उघडली, तर ती शिकवायला फार तर दहा मिनिटं मिळतात. त्यानंतर मुलं उठतात आणि आत्या मोदकांचं बघायला जाते. तेव्हा नियम स्वतः कसे शिकायचे आणि कोणत्या पद्धतीने सांगायचे, हे आधीच ठरवून ठेवावं.

आधी स्वतः शिकण्याबद्दल. व्हिडिओ पाहिला की खेळाची चाल पटकन कळते, पण मध्येच कोणी शंका काढली की नेमकं उत्तर त्यात शोधणं जिकिरीचं होतं. सणाच्या गर्दीत नेटवर्कचाही भरवसा नसतो. नियमपुस्तिकेला वेळ जास्त लागतो, मात्र उत्तर कुठे सापडेल हे ठाऊक राहतं. माझं मत पुस्तिकेच्या बाजूने आहे, पण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचू नये. आधी गुण कसे मोजतात ते वाचावं, मग मांडणी, मग एक चाल. त्यानंतर दोन खेळाडूंचे पट मांडून दोन्ही बाजूंनी आपणच पहिली फेरी खेळावी. नुसत्या वाचनातून निसटणारी गोष्ट हात चालला की लक्षात राहते. उदाहरणार्थ, अन्नाचे फासे ज्यात असतात त्या दाणापात्रातल्या सगळ्या फाशांवर एकच चित्र असेल, तर अन्न घेण्याआधी ते परत टाकता येतात.

खरी निवड शिकवताना करायची असते. एक मार्ग म्हणजे आधी सगळे नियम सांगायचे आणि मग खेळायला बसायचं. असे खेळ ज्यांनी आधी बरेच खेळलेत, त्यांना हेच आवडतं, कारण पहिल्या चालीपासून बेत आखता येतो. मिश्र घोळक्यात मात्र पक्ष्यांच्या पत्त्यांवरच्या तपकिरी, पांढऱ्या आणि गुलाबी शक्तींचं वर्णन सुरू असतानाच आत्या विचारते, “अरे, पण जिंकायचं कसं?” हा प्रश्न आला की समजावं, सांगण्याचा क्रम चुकला आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ध्येय सांगायचं, दोन चाली करून दाखवायच्या आणि खेळ सुरू करायचा. पहिलं वाक्य एवढंच: “आपण पक्षी गोळा करतोय, आणि चार फेऱ्यांनंतर ज्याचे गुण जास्त तो जिंकला.” मग पटावर बोट ठेवून चार कामं सांगायची. पक्षी मांडणं, जंगलातून अन्न घेणं, गवताळ माळावर अंडी घालणं, पाणथळीतून पत्ते घेणं. एका चालीत यातलं एकच काम करता येतं.

आता सगळ्यांसमोर एक पक्षी मांडा. समजा त्याला एक दाणा आणि एक अळी लागते. ती भरायची आणि पत्ता जंगलाच्या पहिल्या घरात ठेवायचा. पहिल्या घरासाठी अंडं मोजावं लागत नाही. दुसऱ्या चालीत अन्न घ्या. चाल दाखवणारा ठोकळा आता जंगलाच्या ओळीत डावीकडून पहिल्या मोकळ्या घरात, म्हणजे दुसऱ्या घरात जातो. दाणापात्रातून एक फासा उचलायचा, त्यावरचं अन्न घ्यायचं आणि ठोकळा डावीकडे सरकवत पक्ष्यावर आणायचा. पक्ष्याची शक्ती तपकिरी असेल तर ती इथे चालते. पक्षी वाढले की तीच चाल जास्त देत जाते, हे मुलांना इथेच डोळ्यांनी दिसतं, आणि सगळा खेळ याच्यावरच उभा आहे. माझ्या मते दहातली चार मिनिटं यावरच जावीत.

यानंतर सांगायला थोडंच उरतं. फेऱ्यांमध्ये अनुक्रमे 8, 7, 6 आणि 5 चाली मिळतात. सुरुवातीला हातात पाच पत्ते आणि पाच प्रकारचं एकेक अन्न असतं. जितके पत्ते ठेवाल तितकं अन्न परत द्यायचं. नवख्यांना दोन-तीन पत्ते ठेवायला सांगावं. फेरीच्या ध्येयांच्या पाटीची निळी बाजू घ्यावी, तिथे चढाओढ कमी असते. बोनसचा पत्ता नियमाप्रमाणे सुरुवातीलाच निवडायचा असतो, पण पहिल्या डावात मी तो पहिल्या फेरीनंतर निवडू देते. गुलाबी शक्ती, पत्त्याखाली पत्ता सरकवणं वगैरे ज्याच्या वाट्याला येईल त्यालाच, त्याच क्षणी सांगावं.

एक गोष्ट मात्र नंतरसाठी ठेवू नये. प्रत्येक अंड्याला शेवटी एक गुण मिळतो, हे पहिल्या दहा मिनिटांतच सांगा. नाहीतर जाणते शेवटच्या फेरीत अंडी घालत सुटतात आणि नवख्यांना वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवलं. असा रुसवा पुढच्या डावापर्यंत टिकतो.

दुसऱ्या मार्गाला मर्यादाही आहे. पहिली फेरी सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळावी लागते आणि शिकवणाऱ्याला स्वतःच्या डावाकडे लक्ष देता येत नाही. पाचांपेक्षा जास्त जण असतील तर जोड्या लावाव्यात, आजीसोबत वाचता येणारा नातू. आणि टेबलाभोवती सगळेच मुरलेले खेळाडू असतील, तर बेधडक पहिला मार्ग घ्यावा.