श्रावणाचे ३० शॉर्ट्स एका दिवसात: तारखेच्या क्रमाने की साडीच्या?

तारखेच्या क्रमाने शूट केलं तर एडिटिंग सोपं जातं. पण सोमवारी शंकर, मंगळवारी मंगळागौर, शनिवारी मारुती, म्हणजे दर वेळी साडी आणि मागची मांडणी बदलणं आलं. एका बदलाला १५ मिनिटं धरली तरी त्यातच साडेसात तास जातात. साडीनुसार पाच-पाच शॉर्ट्सचे सहा गट पाडले तर तेच दीड तासात भागतं. मात्र टेकच्या सुरुवातीला तारीख-वार मोठ्याने म्हणा, नाहीतर सोमवारच्या फाइलीत शनिवार निघतो. स्तोत्रांचा आणि ताज्या फुलांचा गट सकाळीच घ्या. दुपारपर्यंत आवाज बसतो, लाइटखाली फुलं मलूल होतात.

महिन्याचा साठा करायचा तर साडीनुसारच. सात-आठच शॉर्ट्स असतील, किंवा सलग कथा एकाच वेशात सांगायची असेल, तर तारखेचा क्रम बरा.