विंडोज ११ होम की प्रो? ऑफिसात प्रो आणि घरी होम वापरल्यानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दोन मशिनवर नव्याने विंडोज ११ टाकायची वेळ आली. माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या डेस्कटॉपवर प्रो टाकलं, घरच्या लॅपटॉपवर होम. गेले काही महिने दोन्ही रोज वापरतो आहे.

वेगात काहीही फरक नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझर दोन्हीकडे सारखंच चालतं. होमला रॅमची मर्यादा १२८ जीबी आहे, पण घरगुती किंवा छोट्या ऑफिसातलं मशीन तिथवर जातच नाही.

मी प्रो घेतलं ते रिमोट डेस्कटॉपसाठी, आणि पैसे वसूल झाले ते तिथेच. रिटर्नच्या दिवसांत रात्री घरून ऑफिसच्या मशिनवर काम करतो. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: ज्या मशिनमध्ये बाहेरून शिरायचं, फक्त त्यालाच प्रो लागतं. जिथून शिरायचं ते होम असलं तरी चालतं, त्यामुळे दोन प्रो घेण्याची गरज नाही. मात्र एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. मी घरून आत गेलो की ऑफिसातला स्क्रीन लॉक होतो. एकाच मशिनवर दोघांनी एकदम टॅली चालवायचा बेत असेल, तर प्रो त्यासाठी नाही.

जोडणी होत नसेल तर आधी पासवर्ड तपासा. इथे पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. मशीन पहिल्यापासून पिननेच उघडत असाल, तर एकदा समोर बसून पासवर्डने लॉगिन करा. मशीन झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंगही हवी. आणि राउटरवर ३३८९ पोर्ट कधीही उघडू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात. मी दोन्ही मशीन टेलस्केलच्या खाजगी नेटवर्कवर ठेवली आहेत. महिन्यातून एखाद्या वेळीच दुरून काम पडत असेल, तर होमवर एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरेल.

दुसरा खरा फरक डिस्कच्या कुलपाचा. लोक म्हणतात होममध्ये एन्क्रिप्शन नाही. ते बरोबर नाही. होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये बहुतेक मशिनवर ते आपोआप चालू होतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की रिकव्हरी की त्या खात्यात जाते. लोकल खातं वापरलं तर मात्र गोची होते: डिस्क एन्क्रिप्ट झालेली दिसते, पण कुलपाची किल्ली कुलपालाच लटकत राहते. अॅडमिन म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये हे बघा:

```
manage-bde -status
```

इथे `Protection Off` दिसलं, तर डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावणाऱ्याला सगळं वाचता येईल. `Protection On` असेल, तर रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर मशीन तीच मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

प्रोमध्ये पूर्ण बिटलॉकर मिळतं. की कुठे ठेवायची ते आपण ठरवतो, मशीन सुरू होतानाच पिन मागायला लावता येतो, पेन ड्राइव्हही कुलूपबंद करता येतो. असा ड्राइव्ह होमवर उघडतो, पण होमवर तयार करता येत नाही. माझ्याकडे अशिलांचे पॅन आणि बँकेचे उतारे असतात, म्हणून हे मला हवंच होतं. घरच्या फोटोंसाठी होमचं कुलूप भरपूर आहे.

अपडेटच्या बाबतीत होमवर फार तर पाच आठवडे थांबता येतं, मग ते टाकावंच लागतं. प्रोवर `gpedit.msc` मधून प्रत्येक मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत मागे ठेवता येतं. मी आठवडाभर ठेवलं आहे, म्हणजे बिघडलेलं अपडेट आलंच तर त्याची बातमी आधी कळते. प्रोमधल्या हायपर-व्ही आणि सँडबॉक्सला, म्हणजे विंडोजच्या आत वेगळं मशीन चालवण्याच्या सोयींना, मी हातही लावलेला नाही. लिनक्स शिकणाऱ्या मुलांना विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल होमवरही मिळतं.

शंका असेल तर होमच टाका. नंतर सेटिंग्जमध्ये प्रोची की घातली की फाइल्स आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहून प्रो होतं. उलट, प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. लॅपटॉपसोबत होम आलं असेल तर इन्स्टॉलर कोणती आवृत्ती हवी हे विचारतही नाही. बायोसमधली की वाचून होमच टाकतो.

काहीशे रुपयांत मिळणाऱ्या प्रोच्या की घेऊ नका. घेतलीच असेल तर हे चालवा:

```
slmgr /dli
```

एकट्यादुकट्या ग्राहकाला विकलेल्या कीवर `VOLUME_MAK` किंवा `VOLUME_KMSCLIENT` दिसलं, तर ती एखाद्या संस्थेच्या परवान्यातून आलेली आहे आणि कधीही बंद पडू शकते. `RETAIL` दिसायला हवं. तसा परवाना पुढे मशीन बदललं तरी नव्यावर नेता येतो.