अल्कोहोल काढलेली वाइन आणि बिअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. बिअर बऱ्यापैकी जमते. पांढरी आणि फेसाळ वाइन चालून जाते. रेड वाइनवर मात्र पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. असं का, हे अल्कोहोल कसं काढतात ते पाहिलं की कळतं.

ही वाइन म्हणजे द्राक्षाचा रस नव्हे. आधी नेहमीसारखी पूर्ण आंबवलेली वाइन तयार होते आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढतात. साध्या दाबाला अल्कोहोल सुमारे 78 अंशांना उकळतं, आणि तेवढी उष्णता दिली तर वाइनला शिजवल्याची चव येते. म्हणून हे काम निर्वात टाकीत करतात, तिथे ते तीस-चाळीस अंशांतच उडतं. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या रूडेसहाइममधल्या कार्ल युंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. आज मोठ्या कारखान्यांत एकाआड एक स्थिर आणि फिरत्या शंकूंचा उभा स्तंभ वापरतात. वाइन शंकूंवर पातळ पडद्यासारखी पसरते आणि खालून येणारी वाफ तिच्यातले हलके घटक उचलून नेते.

हे दोन फेऱ्यांत चालतं. 100 लिटर वाइन घ्या, अल्कोहोल 12.5 टक्के. पहिल्या फेरीत कमी तापमानाला, साधारण 28 अंशांना, लिटरभर सुगंधी अर्क वेगळा काढून ठेवतात. दुसऱ्या फेरीत तापमान थोडं वाढवून अल्कोहोल काढतात. ते एकटं जात नाही, बरंच पाणीही घेऊन जातं, त्यामुळे मागे समजा 80 लिटर उरतात. आम्ल मात्र सगळं तिथेच राहतं. मूळ वाइनमध्ये लिटरला 6 ग्रॅम असेल तर आता ते 7.5 ग्रॅम झालं. टॅनिनचंही तसंच. शिवाय अल्कोहोल आपल्याबरोबर गोडवा, ऊब आणि जिभेवरचा भरीवपणा आणत असतं, तेही गेलं. रेड वाइन आंबट, तुरट आणि पाणचट अशी तिन्ही एकदम का लागते, त्याचं कारण हे.

बाजूला ठेवलेला अर्क परत घातला की वास परत येईल, असं वाटतं. पण त्या अर्कातच निम्मं अल्कोहोल असू शकतं. लिटरभर अर्क 80 लिटरमध्ये ओतला तर अर्धा लिटर अल्कोहोल परत येतं, म्हणजे सुमारे 0.6 टक्के. मर्यादा 0.5 टक्क्यांची असेल तर थोडा अर्क बाहेर ठेवावाच लागतो, आणि ‘0.0’ लिहायचं असेल तर बहुतेक सगळाच. म्हणून 0.5 टक्केवाली वाइन बहुधा जास्त सुवासिक निघते. ज्यांना औषधामुळे, गरोदरपणामुळे किंवा धर्मामुळे थेंबही नको, त्यांनी अर्थातच 0.0च घ्यावी.

उरलेला आंबटपणा झाकायला कंपन्या द्राक्षरसाचा अर्क किंवा साखर घालतात. लेबलवर 100 मिलीला 4-5 ग्रॅम साखर दिसली तर ती गोडच लागणार, हे धरून चाला. रीसलिंगसारखी मुळातच आंबट-गोड आणि वासाची द्राक्षं हे सगळं चांगलं पेलतात. फेसाळ वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइडची चुणचुण अल्कोहोलच्या झणक्याची जागा थोडीफार भरून काढते. तळलेल्या कोळंबीबरोबर थंडगार घेतली तर तक्रारीला जागा नाही.

बिअरचं गणित सोपं आहे, कारण काढायचे फक्त पाचेक टक्के असतात. तरी निर्वात पद्धतीत केळ्यासारखा फळवास देणारे एस्टर उडतात आणि बिअर सपक होते. दुसरा मार्ग म्हणजे अल्कोहोल मुळात होऊच न देणं: आंबणं मध्येच थांबवायचं, किंवा माल्टोज न पचवणारं यीस्ट वापरायचं. यात माल्टची साखर तशीच राहते, आणि पूर्ण आंबताना नाहीसे होणारे ॲल्डिहाइडही मागे राहतात. चव माल्टच्या दुधपावडरीसारखी येते, आणि बाटली कोमट झाली की जास्तच जाणवते. लेबलवर 100 मिलीला 5-6 ग्रॅम कर्बोदकं असतील तर बहुधा याच प्रकारातली समजा. जास्त हॉप्सवाली बिअर कडूपणाने हा दोष झाकते, तर ढगाळ गव्हाच्या बिअरमध्ये प्रथिनांमुळे अंग टिकतं. माझी पसंती गव्हाच्या बिअरला.

उघडलेली वाइनची बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवा. अल्कोहोलचं संरक्षण नाही आणि साखर आहे, त्यामुळे ती व्हिनेगर होण्याआधी तिच्यात यीस्ट किंवा बुरशी वाढते. फेस नसलेल्या वाइनमध्ये बुडबुडे दिसले, ती गढूळ झाली किंवा झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर सरळ ओतून द्या.